बाजूच्या एका फोटोवरून बुटाचं मॉडेल ओळखायचंय (खोकं नाही, जिभेवरचं लेबलही नाही)

निळीछत्री
नमस्कार. बाबांच्या बुटांबद्दल मदत हवी आहे. बाबा ६४ वर्षांचे आहेत, रोज सकाळी चालतात आणि मधेमधे थोडं धावतात. गेली काही वर्षं ते एकच नायकीचा काळा बूट घालताहेत आणि त्यात त्यांची टाच दुखत नाही. मधे दोन वेगळे बूट घेऊन दिले, दोन्ही पडून आहेत. आता जुन्याचा तळ पार गुळगुळीत झालाय आणि त्यांना "अगदी हाच" हवाय.

अडचण अशी की खोकं कधीच टाकून दिलंय. जिभेच्या आतलं लेबल टोचत होतं म्हणून त्यांनी कात्रीने कापून काढलंय. आत पायाखाली असते त्या गादीवरची छपाईही पुसून गेलीये. बाबा माझ्यापासून लांब राहतात, त्यामुळे माझ्याकडे त्यांनी पाठवलेला हा एकच बाजूचा फोटो आहे. काळी जाळी, पांढरं नायकीचं चिन्ह, पांढरा फोम. टाचेकडची काठ मागे चोचीसारखी बाहेर आलेली दिसते. बाबा म्हणतात "पेगासस होतं बहुतेक, २०२२ मध्ये घेतला". एवढ्यावरून नेमकं मॉडेल सापडेल का?

घाईत_असतो
पेगाससच आहे, शंका नको. आणि २०२२ मध्ये घेतला म्हणजे पेगासस ३९. त्याच वर्षी आला होता तो. ३९ शोधा, काम झालं.

गोगलगाय
लेबल नसलेला बूट म्हणजे मला आधी तो अस्सल आहे का हाच प्रश्न पडतो. शिलाई बघा, डिंकाचे डाग बघा.

निळीछत्री
गोगलगाय, लेबल बाबांनी स्वतः कापलंय. बूट मी बरोबर असतानाच एका चांगल्या दुकानातून घेतला होता, त्यामुळे अस्सलपणाची शंका नाही. मला फक्त पुन्हा तसाच मिळवायचाय.

तळवा
मी बरीच वर्षं खेळाच्या बुटांच्या दुकानात परत आलेल्या मालाचं टेबल सांभाळलं. तिथे बूट यायचे, खोकं क्वचितच यायचं. त्यामुळे हा प्रश्न माझ्या जवळचा आहे, जरा सविस्तर लिहितो.

पेगासस हे घराणं तुमच्या फोटोत पटतंय. चोचीसारखी मागे गेलेली टाचेची काठ मॉडेल ३५ पासून आली. पण घराणं कळलं म्हणजे मॉडेल कळलं असं होत नाही. पेगासस १९८३ पासून चालू आहे आणि अलीकडे जवळपास दरवर्षी नवा आकडा येतो. ३५ ते ३८ हे चारही काळ्या रंगात, पांढऱ्या चिन्हासकट, लांबून सख्खे भाऊ दिसतात.

घाईत_असतो यांचा हिशेब एका जागी घसरतो. २०२२ मध्ये विकत घेतला याचा अर्थ एवढाच की तो मॉडेल त्याआधी किंवा त्या वर्षी बाजारात आलेला होता. म्हणजे ४० आणि ४१ बाद, कारण ते २०२३ आणि २०२४ चे. पण ३७ किंवा ३८ बाद होत नाहीत. नवा आकडा आला की जुना कमी किमतीत बराच काळ विकला जातो, आणि वडीलधारी मंडळी बहुतेक तोच घेतात.

आता मुद्दा. बाजूच्या फोटोत पहिल्यांदा रंग बघू नका, वरचं कापडही बघू नका. फोमचा थर बघा. त्याचे साचे बनवणं महाग असतं, दर मापाला वेगळा साचा लागतो, म्हणून कंपन्या एक साचा शक्यतो दोन वर्षं वापरतात आणि मधल्या वर्षी फक्त वरचा भाग बदलतात. पेगाससमध्ये हे फार स्पष्ट दिसतं. ३५ आणि ३६ चा तळ एकच. ३७ ला फोमच बदलला, रिअ‍ॅक्ट आला, आणि तोच तळ ३८ ला राहिला. ३९ चा पुन्हा नवा, आणि ४० ने तो पुढे चालवला. म्हणजे तळ तुम्हाला जोडी सांगतो, आकडा सांगत नाही.

घाईत_असतो
बरं, तारखेचं पटलं. ४० चा तळ ३९ चाच आहे हे माझ्या लक्षात नव्हतं. पण मग जोडीतला कुठला हे कसं ठरवणार? वरचं कापड तर बघू नका म्हणालात.

तळवा
आधी बघू नका म्हणालो. तळाने जोडी ठरली की मगच वर जायचं, कारण तेव्हा प्रश्न दोनातला उरतो.

आणि इथे एक फार उपयोगी गोष्ट आहे. ३५ ची जीभ जाड, गादीची. ३६ ला ती पातळ केली. ३७ ची तर शर्यतीच्या बुटासारखी चपटी पातळ आहे. ३८ ला लोकांच्या सोयीसाठी पुन्हा भरीव गादी घातली. आता दोन्ही गोष्टी एकत्र ठेवा: जुना तळ आणि जाड जीभ म्हणजे ३५, जुना तळ आणि पातळ जीभ ३६, नवा तळ आणि पातळ जीभ ३७, नवा तळ आणि जाड जीभ ३८. जिभेवरचं लेबल गेलं तरी जीभ आहेच, आणि बाजूच्या फोटोत ती नाडीच्या वर डोकावते.

निळीछत्री, तुमच्या फोटोत नेमकी तीच जागा पँटच्या पायाने झाकली गेलीये. बाबांनी बूट पायात असतानाच फोटो काढलाय ना?

निळीछत्री
हो, खुर्चीत बसून, पायातच. त्यांना नवा काढायला सांगते. कसा काढायचा तेही सांगा, म्हणजे दोनदा त्रास द्यायला नको.

मावळतीचा_धावपटू
माझंही असंच झालंय म्हणून इथेच विचारतो. माझा अ‍ॅसिक्स आहे, बाहेरच्या बाजूचा फोटो आहे, टाचेत जेलची खिडकी दिसते. एका मित्राने निंबस म्हटलं, दुसऱ्याने कायानो. दोघेही ठाम. मला पाय आत झुकतो म्हणून आधाराचा बूट सांगितलाय, त्यामुळे फरक महत्त्वाचा आहे.

तळवा
मावळतीचा_धावपटू, तुमचा फोटो चुकीच्या बाजूचा आहे. फोटो वाईट आहे असं नाही, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या बाजूला नाहीच.

जुन्या कायानोत आधारासाठी कडक फोमचा तुकडा असायचा, तो पायाच्या आतल्या कमानीच्या बाजूला. बहुधा तो करड्या रंगाचा असतो आणि बाजूच्या पांढऱ्या फोमपेक्षा वेगळा उठून दिसतो. बोटाने दाबलात तरी कडकपणा कळतो. निंबसमध्ये असा तुकडा नसतो. जाहिरातीतला फोटो मात्र बहुतेक वेळा बाहेरच्या बाजूचा असतो, म्हणून लोक तीच बाजू ओळखीची धरतात आणि फोटोही तिचाच काढतात. तुम्ही दोन्ही बुटांच्या आतल्या बाजूचा फोटो टाका.

एक सावधगिरी: कायानो ३० पासून, म्हणजे २०२३ पासून, तो कडक तुकडा काढून टाकलाय आणि जेलही आत लपवलंय. पण तुमच्या बुटात जेलची खिडकी आहे म्हणता, म्हणजे तो त्याआधीचा असणार. तेव्हा ही खूण तुम्हाला लागू पडेल.

मावळतीचा_धावपटू
आत्ताच बघितलं. आतल्या बाजूला कमानीखाली करडा पट्टा आहे आणि नखाने दाबलं तर बाजूच्या फोमपेक्षा स्पष्ट कडक लागतो. म्हणजे कायानो?

तळवा
निंबस नाही एवढं नक्की. कायानोच असं म्हणायला मी थांबेन, कारण अ‍ॅसिक्सच्याच जीटी-२००० मध्येही तसाच आधार होता. धाग्याचा विषय भरकटू नये म्हणून वेगळा धागा काढा, तिथे टाचेमागचा फोटोही द्या. मी येतो.

कॅमेरावाला
फोटोचं मी सांगतो, कारण इथल्या बहुतेक चुकीच्या ओळखी बुटामुळे नाही, फोटोमुळे होतात.

फोन बुटाच्या अगदी जवळ नेऊन काढलेला फोटो निरुपयोगी असतो. समजा बूट ३० सेंटीमीटर लांब आहे आणि फोन त्याच्या मध्यापासून ३० सेंटीमीटरवर आहे. बूट जेमतेम १५ अंश तिरका राहिला तर एक टोक सुमारे ४ सेंटीमीटर जवळ येतं आणि दुसरं ४ सेंटीमीटर लांब जातं. २६ आणि ३४. म्हणजे जवळचं टोक लांबच्यापेक्षा साधारण ३०% मोठं दिसणार. अशा फोटोत टाचेचा फोम डोंगराएवढा दिसतो आणि लोक म्हणतात "हा तर जाड तळाचा नवा मॉडेल". तोच फोन २ मीटर मागे न्या, तेवढाच तिरकेपणा राहिला तरी फरक ४% वर येतो. म्हणून दोन मीटर मागे जा आणि फोनमध्ये दुप्पट झूम करा.

दुसरं, फोन खाली आणा. उभं राहून वरून काढलं तर फोमची वरची कड झाकली जाते आणि जाडी कमी दिसते. बूट टेबलावर, आणि फोनची भिंग फोमच्या उंचीला. बूट रिकामा असू दे, आत थोडं कापड कोंबा म्हणजे वरचा भाग कोसळणार नाही. नाडी सैल करून जीभ वर ओढा. उजेड खिडकीचा, दिवा नको, कारण पिवळ्या दिव्यात करडा रंग तपकिरी होतो.

आणि सेल्फीचा कॅमेरा अजिबात नको. काही फोन त्यात चित्र उलटं साठवतात, मग डावा बूट उजवा होतो आणि आतली बाजू कुठली तेच कळत नाही.

रानवाट
डावा-उजवा ओळखायची एक सोपी रीत मी वापरते. बाहेरच्या बाजूने बघताना डाव्या बुटाचं टोक डावीकडे असतं, उजव्याचं उजवीकडे. म्हणजे फोटोत टोक डावीकडे असेल तर ती एकतर डाव्याची बाहेरची बाजू असते किंवा उजव्याची आतली. बाबांनी "हा डावा" एवढं लिहून पाठवलं तरी पुरे.

निळीछत्री
दोन दिवस लागले, पण बाबांनी मनापासून केलंय. चार फोटो आलेत: डाव्याची बाहेरची बाजू, आतली बाजू, तळ, आणि जीभ वर ओढून एक. जीभ खरंच पातळ आहे, जवळजवळ जाड कापडासारखी, गादी अशी नाहीच. तळाचा पुढचा भाग आणि टाच पूर्ण घासलेली आहे, तिथे काही दिसत नाही.

अजून एक सापडलं. घरातल्या एका समारंभाचा फोटो आहे, जानेवारी २०२१ चा, त्यात बाबांच्या पायात हाच काळा बूट दिसतो. म्हणजे २०२२ हे त्यांचं चुकीचं आठवतंय.

घाईत_असतो
मग सुटलंच. ३८ हा २०२१ च्या वसंतात आला. जानेवारी २०२१ मध्ये तो पायात असूच शकत नाही. जीभ पातळ, म्हणजे ३६ किंवा ३७.

तळवा
या वेळी तुमचा निष्कर्ष बरोबर आहे, पण त्या समारंभाच्या फोटोवर मी सगळा भार टाकणार नाही. निळीछत्री, बाबांकडे त्याआधीही काळा नायकी असू शकतो का? ज्यांना एक बूट आवडतो ते बरेचदा तसाच दुसरा घेतात.

निळीछत्री
आईला विचारलं. ती म्हणते आधीही एक काळा होता, तो झिजल्यावर हा आणला. कधी ते तिला आठवत नाही. म्हणजे समारंभातला बूट आधीचाही असू शकतो. फोटो लांबून आहे, चिन्ह सोडून काही दिसत नाही.

तळवा
म्हणजे तो फोटो बाजूला ठेवू. चांगलं झालं विचारलंत, कारण तारखेचा पुरावा मोहात पाडतो. तो फक्त तेव्हा चालतो जेव्हा फोटोतला बूट हातातलाच आहे हे एखाद्या खुणेने पटतं, डाग किंवा फाटलेली जाळी वगैरे.

आता तुमचे फोटो. तळ घासलाय म्हणून लोक तो बघतच नाहीत, पण बघायची जागा मधली आहे. कमानीखाली आणि काठांवर पाय कमी टेकतो, तिथली नक्षी बूट टाकायच्या दिवसापर्यंत जवळपास नवी राहते. तुमच्या फोटोत कमानीखालच्या रबराच्या कडा आणि मधली फोमची उघडी जागा स्वच्छ दिसते.

मी असं केलं. ३६ आणि ३७ च्या तळांचे विक्रीच्या वेळचे फोटो घेतले, तुमच्या फोटोइतक्या लांबीचे केले आणि एकावर एक ठेवून कमानीच्या जागेची रेघ जुळते का बघितलं. ३७ जुळला. ३६ मध्ये रबर आणि उघड्या फोमची विभागणी वेगळी पडते, ती कुठेच बसत नव्हती.

मग बाजूचा फोटो. इथे मी टाचेची उंची मोजली नाही, कारण बाबांच्या वापराने तिथला फोम दबलेला असणार आणि जुना बूट नेहमी जरा खालच्या मॉडेलसारखा दिसतो. टाच आणि चवड्याच्या उंचीतला फरकही या मॉडेलांत उपयोगाचा नाही, चौघांतही तो १० मिलिमीटरच आहे. मी बघितली ती फोमची वरची कड, म्हणजे फोम आणि कापड जिथे भेटतात ती रेघ, आणि टाचेचा फोम मागे किती बाहेर जातो ते. वरची कड दबत नाही, तिचा आकार शेवटपर्यंत टिकतो. तीही ३७-३८ च्या जोडीशी बसते.

तळ नव्या जोडीचा आणि जीभ पातळ. म्हणजे ३७.

रानवाट
तळवा, एक विचारू? पेगासस ३७ मध्ये पुरुषांचा आणि बायकांचा वेगळा आहे ना? बाजूने कळतो का?

तळवा
बाजूने नाही कळत, आणि हा चांगला प्रश्न आहे. ३७ च्या चवड्याखाली हवेची पिशवी आहे, तिचा दाब पुरुषांसाठी जास्त आणि बायकांसाठी कमी ठेवलेला आहे. बाहेरून दिसायला काहीच फरक नाही. बाबांनी पुरुषांच्या विभागातून घेतला असेल असं धरून चालू, पण ही धारणा आहे, ओळख नाही.

कोड देतो, कारण शोधताना नावापेक्षा कोड कामाचा. खोक्यावर आणि जिभेच्या लेबलवर असतो तोच हा:

```
Pegasus 36  पुरुष AQ2203  स्त्री AQ2210
Pegasus 37  पुरुष BQ9646  स्त्री BQ9647
Pegasus 38  पुरुष CW7356  स्त्री CW7358
```

त्यानंतर आडवी रेघ आणि तीन आकडे येतात, ते रंगाचे. पहिला आकडा ० असेल तर काळा-करडा, १ म्हणजे पांढरा, ४ निळा, ६ लाल, असं साधारण असतं. म्हणून तुम्ही `BQ9646-0` एवढं टाकून जे येईल ते बघा. काळ्यातही अनेक रंगजोड्या आहेत आणि बाबांच्या बुटाचं पांढरं चिन्ह व पांढरा फोम बघून त्या दोन-तीनवर आणता येतील. नेमका कुठला ते मी फोटोवरून सांगणार नाही, कारण मूळ कापड गडद करडं होतं की काळं, हे उन्हात विटलेल्या बुटावरून ठरत नाही.

कॅमेरावाला
त्यासाठी जीभ उलटी करून बघा. आत दुमडलेल्या भागावर ऊन पडत नाही, तिथला रंग मूळचा असतो. नाडीखाली झाकली गेलेली पट्टीही चालते.

निळीछत्री
बाबांनी बघून सांगितलं, नाडीखाली "कोळशासारखा काळा" आहे आणि बाकी बूट त्यामानाने करडा झालाय. हे मला सुचलंच नसतं.

आता खरा प्रश्न. ३७ कुठे मिळत नाहीये, निदान त्यांच्या मापात. सगळीकडे ३८ आणि पुढचे दिसतात.

घाईत_असतो
३९ किंवा ४० घ्या, नवा असतो तो बरा. फोमचं तंत्र पुढे गेलंय.

तळवा
इथे मी असहमत आहे. बाबांना टाच दुखत नाही हे ज्या गोष्टीमुळे असेल, ती बहुधा तळात आहे. ३९ ला हवेच्या पिशव्या दोन झाल्या, एक टाचेखालीही आली, म्हणजे टाचेखालची जाणीवच बदलते. कुणाला ती जास्त आवडेल, पण "अगदी हाच" नाही. ३८ चा तळ मात्र ३७ चाच आहे. फरक वर: जीभ भरीव झाली आणि चवड्याला थोडी जास्त जागा दिली. लेबल टोचतं म्हणून कापणाऱ्या माणसाला भरीव जीभ आवडेलही.

म्हणून तुमच्या जागी मी `CW7356` शोधला असता, आणि ३७ चा साठा कुठे आढळलाच तर तो किती जुना आहे ते विचारून मग घेतला असता.

गोगलगाय
आधी मी प्रश्न चुकीचा समजले, माफ करा. पण एक कामाचं विचारते: मापही लेबलवरच असतं ना? ते कापलंय, मग माप कसं कळलं?

निळीछत्री
बाबांनी आठवणीने ९ सांगितलं. पण २०२२ सुद्धा आठवणीनेच सांगितलं होतं...

तळवा
गोगलगाय, बरोबर जागी बोट ठेवलंत. बाजूच्या फोटोवरून माप काढू नका. बुटाची बाहेरची लांबी मॉडेलगणिक बदलते, टाचेचा फोम मागे बाहेर आलेल्या या बुटात तर ती फारच फसवते. आतली गादी बाहेर काढून तिची लांबी मोजा आणि मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा. दुकानात गेल्यावर नव्या बुटाची गादी काढून तिच्यावर ही ठेवायची, दोन्ही एकसारख्या बसल्या की माप तेच. फक्त झिजलेल्या गादीची कड आतल्या बाजूला दुमडते, ती सरळ करून मोजा.

रानवाट
आणि रुंदी? माझ्या सासऱ्यांचा बूट रुंद पायाचा होता, लेबलवरच तसं लिहिलेलं होतं. पेगासस रुंदही मिळतो. निळीछत्री यांच्या बाबांचा रुंद असेल तर?

तळवा
बाजूच्या फोटोला रुंदी दिसत नाही, त्यामुळे आतापर्यंतच्या कुठल्याही फोटोवरून हे सांगता येणार नाही. गादी काढणारच आहेत, तर ती कागदावर ठेवून पेन्सिलने रेघ मारायची आणि चवड्याची सगळ्यात रुंद जागा मोजायची. पण रुंद आणि साध्या बुटात गादी नेहमी वेगळी असते का, याबद्दल माझा अनुभव मिश्र आहे. काहींमध्ये तळ तोच ठेवून फक्त वरच्या कापडात जागा वाढवलेली असते, तेव्हा गादी काहीच सांगत नाही. जाळी बाजूला तळाच्या बाहेर झुकलेली आहे का ते समोरून काढलेल्या फोटोत दिसेल. झुकलेली असेल तर पायाला जागा कमी पडत होती असं समजा, मग रुंद बघितलेला बरा.

निळीछत्री
समोरून एक फोटो मागवते, आणि गादीची रेघही. बाबा रविवारी दोन्ही पाठवतील, आल्यावर इथेच टाकते. तोपर्यंत ३८ कुठल्या कुठल्या मापात शिल्लक आहे ते बघून ठेवते.

मावळतीचा_धावपटू
मी वेगळा धागा काढलाय, टाचेमागचा फोटोही टाकलाय. तळवा, वेळ मिळाला की बघा. टाचेला बाहेरून कडक प्लास्टिकची वाटी आहे, ती तुम्हाला हवी होती का माहीत नाही, पण तिचाही फोटो दिलाय.

तळवा
तीच हवी होती. तिकडे येतो.